आयपीओ नक्की लागणार म्हणणारे ग्रुप आणि ॲप : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या, बिल्डिंगमधल्या आणि ऑफिसातल्या मिळून पंधरा-वीस जणांचे आयपीओचे अर्ज मीच भरून देते, त्यामुळे हे प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. गेल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचे पैसे अशाच एका ॲपमध्ये अडकले आणि तेव्हापासून ठरवलं होतं की एकदा सगळं नीट लिहून काढायचं. काकांची गोष्ट त्यांना विचारूनच लिहिली आहे.

आयपीओ शंभर टक्के लावून देतो असं कोणी खरंच करू शकतं का?

नाही. ब्रोकर नाही, बँक नाही, खुद्द कंपनीचा मालकसुद्धा तुमच्या रिटेल अर्जाला शेअर लावून देऊ शकत नाही. रिटेल म्हणजे दोन लाखांपर्यंतचा अर्ज. तिथे मागणी जास्त आली की प्रत्येकाला आधी किमान एक लॉट, म्हणजे अर्ज करता येतो तेवढा शेअरचा सगळ्यात लहान गठ्ठा, द्यायचा आणि तेवढेही पुरत नसतील तर सोडत काढायची असा नियम आहे, आणि ही सोडत शेअरवाटपाचं काम बघणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीच्या कॉम्प्युटरवर एक्स्चेंजच्या मंजुरीने होते. तुम्ही एक लॉट मागा नाहीतर तेरा, सोडतीत चिठ्ठी एकच.

आता कोणी म्हणेल की आत ओळख असली की होतं. तर 2005 सालचं बघा. येस बँक आणि आयडीएफसीच्या इश्यूमध्ये काही लोकांना रिटेलचे शेअर ढिगाने हवे होते, तर त्यांना त्यासाठी हजारो खोटी डिमॅट खाती उघडावी लागली, आणि सेबीने ते पकडून 2006 मध्ये आदेश काढले. म्हणजे ज्यांना गडबडच करायची होती त्यांनासुद्धा सोडतीत जास्त चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, नक्की लावून देणारा माणूस त्यांनाही कुठे सापडला नव्हता. आणि व्हॉट्सॲपवरच्या ज्या माणसाचा चेहराही तुम्ही बघितला नाही तो तुम्हाला लावून देणार?

पण ते म्हणतात की आमच्याकडे इन्स्टिट्यूशनल कोटा आहे, त्यातून देतो. तसा कोटा असतो ना?

कोटा असतो, तुमच्यासाठी नसतो. म्युच्युअल फंड, बँका, विमा कंपन्या, परदेशी फंड यांच्यासाठी वेगळा हिस्सा ठेवलेला असतो आणि त्यांना शेअर त्यांच्या स्वतःच्या नावाच्या डिमॅटमध्ये मिळतात. त्या हिश्शात एखाद्या माणसाला आत घ्यायची, सब-अकाउंट देऊन त्याच्याकडून पैसे गोळा करायची काही सोयच नाही. परदेशी फंडाच्या नावाने असं 'इन्स्टिट्यूशनल अकाउंट' देणाऱ्यांपासून सावध राहा असं सेबीने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीरपणे सांगितलेलं आहे.

काही ग्रुपवाले याच्याही पुढे जाऊन 'अँकर कोटा' म्हणतात, ते तर सरळ पकडता येतं. अँकर म्हणजे इश्यू सगळ्यांना खुला व्हायच्या आधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्था. मोठ्या इश्यूमध्ये अँकरचा अर्ज किमान 10 कोटींचा असतो, आणि त्यांच्या शेअरपैकी निम्मे 30 दिवस आणि उरलेले 90 दिवस विकताच येत नाहीत. त्यामुळे 'अँकरमधून घ्या आणि लिस्टिंगच्या दिवशी विका' असं कोणी म्हणालं की त्याला अँकर म्हणजे काय हेच माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चाललाय.

हे लोक नक्की करतात काय? सुरुवातीला तर पैसे परत पण मिळतात म्हणे.

मिळतात, आणि तिथेच माणूस फसतो. काकांचं सांगते.

एसटीतून रिटायर झालेले, शेअरचा थोडाफार नाद पहिल्यापासून. कोणीतरी एका ग्रुपमध्ये ॲड केलं, तिथे रोज सकाळी एक 'प्रोफेसर' मार्केटबद्दल लिहायचा आणि खाली शंभरभर लोक थँक्यू सर, आज इतका प्रॉफिट झाला असे स्क्रीनशॉट टाकायचे. महिनाभर कोणी पैसे मागितले नाहीत. मग एक लिंक आली, त्यावरून ॲप घेतलं, नाव एका मोठ्या परदेशी फंडासारखं, आतमध्ये चार्ट, वॉचलिस्ट, पोर्टफोलिओ सगळं. काकांनी 50 हजार भरले. चार दिवसांत ॲपमध्ये 68 हजार दिसायला लागले. त्यांनी परीक्षा म्हणून 10 हजार काढायला टाकले तर संध्याकाळी खरंच बँकेत आले, आणि काकांचा विश्वास पक्का बसला.

मग आयपीओ आला. 310 रुपयांचा शेअर, 48 चा लॉट, म्हणजे 14,880 रुपये. काकांनी एक लॉट टाकला. दोन दिवसांनी ॲपमध्ये हिरव्या पट्टीत अभिनंदन, तुम्हाला 2,400 शेअर अलॉट झाले. आता 2,400 गुणिले 310 म्हणजे 7 लाख 44 हजार. खात्यात 58 हजार दिसत होते, तर उरलेले 6 लाख 86 हजार संध्याकाळी सहाच्या आत भरा, नाहीतर खातं फ्रीज होईल आणि सेबी कारवाई करेल असा मेसेज. काकांनी दुपारीच एक एफडी मोडून 3 लाख पाठवले आणि उरलेल्यांसाठी मला फोन केला, "अगं, नशीब काढलं बघ, पन्नास लॉट लागलेत, तू दोन-तीन लाखांची सोय करशील का आठवडाभरासाठी?"

मी विचारलं, "काका, तुम्ही मागितले किती होते?"

"एकच लॉट."

मी तशीच खाली गेले.

जास्त शेअर अलॉट झाले तर पैसे भरावेच लागतात का? नाही भरले तर केस होते का?

मागितल्यापेक्षा एक शेअरसुद्धा जास्त अलॉट होऊ शकत नाही. कधीच नाही. एक लॉटचा अर्ज असेल तर एक लॉट लागेल किंवा शून्य. आणि अलॉटमेंटनंतर 'उरलेले पैसे भरा' असं आपल्या इथे रिटेलच्या अर्जात होतच नाही, कारण पूर्ण रक्कम आधीच खात्यात ब्लॉक केलेली असते, ती असेल तरच अर्ज ग्राह्य धरतात.

त्यामुळे काकांना आलेला मेसेज नुसता वाचूनच खोटा ठरत होता. एक लॉट मागून पन्नास लागले हे एक, आणि दुसरं म्हणजे 7 लाख 44 हजार ही रक्कम रिटेलच्या दोन लाखांच्या मर्यादेत बसतच नाही. सेबी, सिबिल, कोर्ट, पोलीस यांपैकी कोणाचंही नाव घेऊन घाबरवलं तरी भरू नका. आणि 'कंपनी तुम्हाला लोन देते, ते ॲपमध्येच दिसेल' असंही म्हणतात, ते लोन नसतंच, नुसता आकडा असतो, पण नंतर ते फेडल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत म्हणून तुमच्याकडून खरे पैसे घेतात. त्याच्याही नंतर विड्रॉल टॅक्स मागतात. टॅक्स कोणी आधी असा खात्यात भरून घेत नाही, नफ्यावरचा कर तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये भरता.

मग खऱ्या अर्जात पैसे कुठे जातात?

कुठेच जात नाहीत, आणि मला वाटतं बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा. 2016 पासून सगळ्या पब्लिक इश्यूला अस्बा सक्तीचं आहे. त्यात रक्कम तुमच्याच बचत खात्यात राहते, फक्त बँक तिच्यावर होल्ड लावते. पासबुकात डेबिट पडत नाही, उपलब्ध बॅलन्स तेवढा कमी दिसतो आणि व्याज पण चालू राहतं. शेअर लागले तर तेवढे पैसे कापले जातात, नाही लागले तर होल्ड निघतो.

ब्रोकरच्या ॲपमधून अर्ज केला तर युपीआयवर मँडेट येतं. ते उघडून नीट वाचा, घाईत पिन टाकू नका. तिथे रक्कम ब्लॉक करायची परवानगी मागितलेली असते, पाठवायची नाही, आणि रक्कम तुमच्या लॉटच्या हिशोबाशी रुपया न् रुपया जुळली पाहिजे. इश्यू बंद होतो त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मँडेट मंजूर केलं नाही तर अर्ज बाद होतो, हे बऱ्याच जणांचं खरोखर होतं, मग ते म्हणतात आम्हाला कधी लागतच नाही.

तर आयपीओसाठी कोणी आयएमपीएस करा, आरटीजीएस करा, हा क्यूआर स्कॅन करा असं म्हणालं की तिथेच थांबायचं. काकांचे 3 लाख कुठल्यातरी ट्रेडर्स नावाच्या करंट अकाउंटला गेले होते. इश्यूशी त्या नावाचा काहीएक संबंध नव्हता.

माझा अर्ज खरंच गेलाय का हे कसं तपासू?

ज्या ॲपमधून अर्ज केला त्याच ॲपमध्ये बघून उपयोग नाही, खोटं ॲप तर सगळंच छान दाखवणार. बाहेर बघायचं, जिथे त्या ॲपवाल्याचा हात पोचत नाही.

पहिलं तुमच्या बँकेत. होल्ड लागलाय का, किती रुपयांचा आणि कुठल्या इश्यूसाठी. होल्ड नसेल तर अर्ज नाही. दुसरं एक्स्चेंजवर. nseindia.com आणि bseindia.com दोन्हीकडे आयपीओच्या अर्जाची स्थिती बघायची सोय आहे, इश्यू निवडायचा, अर्ज क्रमांक आणि पॅन टाकायचा. ज्या एक्स्चेंजमार्फत बोली गेली तिथेच ती दिसते, म्हणून एका ठिकाणी नाही सापडली तर लगेच घाबरू नका, दुसरीकडे बघा.

तिसरं म्हणजे अलॉटमेंटनंतर रजिस्ट्रारच्या साइटवर. केफिन टेक्नॉलॉजीज, एमयूएफजी इनटाइम जी आधी लिंक इनटाइम होती, बिगशेअर, अशा ठराविकच कंपन्या हे काम करतात आणि कुठल्या इश्यूला कोण आहे ते प्रॉस्पेक्टसच्या पहिल्याच पानांवर छापलेलं असतं. तिथे नुसत्या पॅनवरसुद्धा कळतं. काकांचा पॅन मी त्यांच्यासमोर टाकला तर रेकॉर्ड सापडत नाही असं आलं. काका म्हणाले, "साइट बंद असेल." मग त्याच पानावर माझा पॅन टाकला, मी पण तोच आयपीओ भरला होता, तर माझा अर्ज दिसला, मागितले 48, मिळाले 0. ते बघितल्यावर मात्र काका काही बोलले नाहीत, नुसते फोनकडे बघत बसले.

शेवटचं डिमॅट. शेअर लागले असतील तर ते सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे तुमच्या नावावर दिसणारच, त्यांच्या स्वतःच्या साइटवर लॉगिन करून बघता येतं. डिसेंबर 2023 पासून इश्यू बंद झाल्यावर कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी लिस्टिंग होतं, म्हणजे साधारण पहिल्या दिवशी अलॉटमेंट ठरते, दुसऱ्या दिवशी शेअर जमा आणि होल्ड मोकळा, तिसऱ्या दिवशी बाजार. कोणी सांगितलं की शेअर आमच्या पूल अकाउंटमध्ये आहेत, पंधरा दिवसांनी तुमच्याकडे येतील, तर ते आलेलेच नाहीत असं समजा.

ग्रुपवर '120 पट भरला' असे फोटो फिरतात. खरा सबस्क्रिप्शनचा आकडा कुठे बघायचा?

दोन्ही एक्स्चेंजच्या साइटवर, चालू इश्यूच्या पानावर, बोली चालू असताना दिवसभर बदलत असतो. दोन्ही एक्स्चेंजचे एकत्र केलेले आकडे बघायचे, एकाचेच बघितलेत तर चित्र अर्धंच. आणि एकूण किती पट यावर जाऊ नका, प्रत्येक गटाची ओळ वेगळी असते, तुम्ही रिटेल असाल तर रिटेलची ओळ वाचा. मोठ्या संस्था बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी येतात, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून फार काही ठरवता येत नाही.

आता पट म्हणजे काय ते एकदा समजून घ्या कारण इथे खूप गोंधळ असतो. समजा रिटेलला 35 लाख शेअर ठेवलेत आणि लॉट 100 चा आहे, म्हणजे वाटायला 35 हजार लॉट. अर्ज आले साडेतीन लाख. तर दहातल्या एकाला लागणार. पण साइटवर दहा पट दिसेलच असं नाही, कारण काही लोकांनी दोन-चार लॉटचे अर्ज केलेले असतात आणि पट मोजतात ती मागितलेल्या शेअरवर, माणसांवर नाही. म्हणून तिथे चौदा पट दिसेल आणि तुमचा चान्स मात्र दहात एकच. शेवटी खरं गुणोत्तर किती होतं ते अलॉटमेंटच्या जाहिरातीत छापून येतं, किती अर्ज आले, किती बाद झाले, कितींत कितींना लागले, सगळं. ही जाहिरात पेपरात येते आणि कोणी वाचत नाही, खरं तर दोन-तीन वाचल्यात तरी नक्की लावून देतो म्हणणाऱ्यावर परत विश्वास बसणार नाही.

आणि लिस्टिंगचा नफा? तो तरी बऱ्यापैकी नक्की असतो ना?

ह्युंदाईचं उदाहरण घ्या, ऑक्टोबर 2024. भाव 1,960, लॉट 7 चा, म्हणजे 13,720 रुपये. एकूण इश्यू 2.37 पट भरला आणि ग्रुपांवर तोच आकडा फिरत होता. पण रिटेलची ओळ बघितली असती तर तिथे होतं साधारण अर्धा पट. म्हणजे ज्याने नीट अर्ज केला त्या प्रत्येक रिटेलवाल्याला मागितले तेवढे शेअर मिळाले, कुठल्याही कोट्याशिवाय, कोणाला दमडी न देता. आणि लिस्टिंग झालं 1,934 ला, एनएसईवर. दिवस संपताना भाव 1,820 च्या आसपास, म्हणजे एका लॉटमागे साधारण 980 रुपये तोटा. जिथे अलॉटमेंट सगळ्यांना मिळाली तिथेच नफा नव्हता, आणि हे साहजिकच आहे, कारण लोकांना घ्यायचाच नव्हता म्हणून तर तो सगळ्यांना पुरला. दोन्हीची एकत्र गॅरंटी देणारा माणूस म्हणूनच मला अजिबात पटत नाही.

टाटा टेक्नॉलॉजीज 2023 मध्ये 500 चा 1,200 ला लिस्ट झाला हेही खरंय, पण पेटीएम 2021 मध्ये 2,150 चा पहिल्याच दिवशी 1,560 च्या घरात बंद झाला. लिस्टिंगच्या आधी बाजाराबाहेर जे ग्रे मार्केट चालतं तिथे इश्यूच्या भावावर किती जास्त मिळतात तो जीएमपी, तो बघून लोक अंदाज बांधतात, तर तो आकडा कुठल्याही एक्स्चेंजचा नसतो, त्यावर कोणाचं नियंत्रण नाही, आणि तो कोणीही कसाही फिरवू शकतं.

ॲप खऱ्या ब्रोकरचं आहे का ते कसं कळणार? नाव आणि लोगो तर तोच असतो.

नाव, लोगो, अगदी सेबीचा रजिस्ट्रेशन नंबरसुद्धा चोरून लावतात, सर्टिफिकेटचा फोटो पाठवला म्हणून काही सिद्ध होत नाही. सेबीच्या साइटवर ब्रोकरचं नाव शोधा, तिथे दिलेली त्यांची वेबसाइट उघडा आणि ॲपची लिंक त्या वेबसाइटवरूनच घ्या. लिंकवरून एपीके फाइल डाउनलोड करायला सांगितलं तर करू नका. ॲप स्टोअरमध्ये आहे म्हणजे खरंच असेल असंही धरू नका.

ब्रोकरच्या खात्यात ट्रेडिंगसाठी पैसे टाकायचे असतील तर ऑक्टोबर 2025 पासून एक चांगली सोय झाली आहे. नोंदणी असलेल्या ब्रोकरच्या युपीआय आयडीत `.brk` आणि पुढे `@valid` असं येतं, त्याला जोडून बँकेचं नाव, आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. शिवाय 'सेबी चेक' वर आयडी किंवा खाते नंबर टाकून तो खरंच त्या ब्रोकरचा आहे का ते बघता येतं. ते मिनिटभराचं काम आहे, पण काकांच्या वेळी ही सोय नव्हती.

चान्स वाढवायचा सरळ मार्ग कुठला आहे का?

घरातल्या प्रत्येकाच्या पॅनवर, प्रत्येकाच्या स्वतःच्या डिमॅटवर आणि स्वतःच्याच बँक खात्यातून एकेक लॉट. बायकोच्या अर्जाला नवऱ्याचा युपीआय वापरला तर तो थर्ड पार्टी म्हणून बाद होतो. एकाच पॅनवर दोन अर्ज केले तर तेही बाद. मूळ कंपनीचे शेअर आधीपासून असतील आणि इश्यूत शेअरहोल्डर कोटा ठेवला असेल तर तिथूनही अर्ज करता येतो, पण तिथेही गर्दी झाली की शेअर लागतीलच असं नाही.

पैसे गेले तर सगळ्यात आधी काय करायचं?

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, त्याच मिनिटाला. ग्रुपवाल्याशी भांडत बसू नका, उलट त्याला कळूच देऊ नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्यात झपाट्याने फिरवतात, ते जिथे असतील तिथे गोठवायला तासांचा हिशोब असतो. फोनवर ते व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचं खातं विचारतात, ते हाताशी ठेवा. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करा, बँकेलाही लेखी कळवा. ग्रुप सोडायच्या आधी सगळं चॅट एक्स्पोर्ट करा, ॲप काढून टाकायच्या आधी प्रत्येक स्क्रीनचे फोटो घ्या. सेबीच्या स्कोर्स या तक्रारींच्या साइटवर तक्रार नोंदणीकृत ब्रोकर आणि कंपन्यांविरुद्ध चालते, या खोट्या लोकांची तिथे नोंदच नसते, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

आणि महिन्याभरात कोणीतरी फोन करेल की आम्ही तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त फी भरा. हे बहुतेक तेच लोक असतात, तुमचा नंबर त्यांच्याकडे आहेच.

काकांचे पैसे परत मिळाले का?

थोडे. पैसे पाठवल्यापासून चार तासांनी आम्ही 1930 लावला, तोपर्यंत 3 लाखांतले 85 हजार पुढच्या एका खात्यात सापडले, तेवढ्यावर होल्ड लागला आणि कोर्टाच्या आदेशाने सात महिन्यांनी ते काकांच्या खात्यात आले. आधीच्या 50 हजारांमधले 10 त्यांनी काढले होते ते धरून हिशोब केला तर 2 लाख 55 हजार गेले ते गेले. काकूंना त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी बरोबर बसले तेव्हा. आता कुठलाही इश्यू आला की काका स्वतः बँकेच्या ॲपमधून अस्बाचा अर्ज भरतात, होल्ड लागला की मला त्याचा फोटो पाठवतात, आणि गेल्या दिवाळीच्या आधी त्यांना एक लॉट लागलासुद्धा.